गीझरचा फोटो कुठून काढाल?

गीझरची कॉइल जळली की आपण समोरून फोटो काढून दुकानदाराला पाठवतो. त्या फोटोत दिसतो तो फक्त पांढरा डबा. एकाच दिसण्याच्या डब्यात वेगवेगळी कॉइल असू शकते.

पहिला फोटो हवा तो बाजूला किंवा तळाला चिकटवलेल्या पट्टीचा. तिच्यावर मॉडेल क्रमांक, लिटर, व्होल्ट आणि वॅट असतात. वाफेने अक्षरं पुसट झाली असतील, तर बॅटरीचा उजेड तिरका पाडा.

पण तेवढ्याने भागत नाही. आमच्या 15 लिटरच्या गीझरसाठी 2000 वॅटची कॉइल मागवली. वॅट जुळले, पण जुन्या चकतीला पाच बोल्ट होते, नवीला चार. ती बसलीच नाही. म्हणून दुसरा फोटो काढलेल्या कॉइलचा, चकतीवर पट्टी ठेवून. व्यास, बोल्टची भोकं आणि थर्मोस्टॅटची नळी स्पष्ट दिसायला हवी.

कॉइल काढण्याआधी मेन स्विच बंद करून टाकी रिकामी करायला हवी. हे काम इलेक्ट्रिशियनकडेच द्या, आणि कॉइलसोबत रबरी गॅस्केटही नवीन मागवा. जुनं बहुधा गळतं.