गाणं दणदणीत, फोनवरचा आवाज मात्र बारीक

साताऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षकांच्या फोनवर सकाळी अभंग लागले की शेजारच्या घरात ऐकू जातात. त्याच फोनवर पुण्याहून मुलीचा कॉल आला की मात्र ते फोन कानावर दाबत, "मोठ्यानं बोल गं" म्हणत गॅलरीत जातात. रेंज भरपूर, फोन वर्षभरापूर्वीचा. आवाजाचं बटण तर ते रोज दाबतात आणि पडद्यावरची पट्टी टोकापर्यंत गेलेलीही बघतात.

घोळ त्या पट्टीत आहे. अँड्रॉइड फोनमध्ये आवाज एक नसतो. गाणी-व्हिडिओंचा वेगळा, रिंगचा वेगळा, गजराचा वेगळा आणि बोलण्याचा वेगळा. बाजूची बटणं त्या क्षणी जे चालू असेल त्याचा आवाज बदलतात. अभंग चालू असताना बटण दाबलं तर अभंगांचा आवाज वाढतो, कॉलचा होता तिथंच राहतो. काही फोनांच्या सेटिंगमध्ये Media volume शेजारी Call volume अशी पट्टी दिसते, काहींत ती दिसतच नाही. म्हणून खात्रीचा उपाय एकच: कॉल चालू असताना, समोरचा माणूस बोलत असताना बटण दाबायचं.

त्यातही एक मेख आहे. फोन कॉलचा आवाज जागेनुसार वेगवेगळा लक्षात ठेवतो, म्हणजे कानाच्या रिसीव्हरचा एक, स्पीकरचा दुसरा, ब्लूटूथ हेडफोनचा तिसरा. गुरुजी कॉल स्पीकरवर टाकून आवाज वाढवत होते. तो वाढला फक्त स्पीकरचा. फोन पुन्हा कानाला लावला की पहिले पाढे पंचावन्न.

कानाला लावल्यावर पडदा काळा होतो, त्यामुळे बटण दाबूनही काय झालं ते दिसत नाही आणि बऱ्याच जणांना वाटतं की बटण चाललंच नाही. पडदा विझवणारा तो प्रॉक्झिमिटी सेन्सर. बहुतेक फोनांत तो वरच्या बाजूला असतो, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो आणि तो जवळच्या वस्तूवर आपटून परत आला की 'कान जवळ आला' असं धरतो. गाल लागून कॉल कट होऊ नये, यासाठी ही सोय. साध्या कॉलमध्ये सेन्सर आवाजाला हातही लावत नाही, आणि पडदा काळा असतानाही बटणं चालतात.

व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजमध्ये मात्र तो लुडबूड करतो. मेसेज खालच्या स्पीकरवर वाजत असताना फोन कानाजवळ नेला की आवाज कानाच्या रिसीव्हरमध्ये वळवला जातो. आता सेन्सरवर स्क्रीनगार्डची कड आली असेल, घामाचा थर असेल किंवा फोन धरताना बोट तिथं पडत असेल, तर फोन टेबलासमोर धरला तरी त्याला कानच वाटतो. पडदा विझतो आणि आवाज एकाएकी कुजबुजल्यासारखा येतो. माणूस म्हणतो, स्पीकर गेला! वरची काच पुसून, बोट बाजूला करून तोच मेसेज पुन्हा लावला की उलगडा होतो.

गुरुजींच्या मुलीनं सुट्टीत आल्यावर आधी कॉल स्पीकरवर टाकला. आवाज स्वच्छ, म्हणजे नेटवर्क ठीक. मग कानाला लावूनच बटण वर दाबत नेलं. आवाज वाढला, पण बोलणं रजईआडून आल्यासारखं घुमट राहिलं. हा फरक ओळखण्याजोगा आहे. बारीक पण स्पष्ट आवाज म्हणजे बहुधा पट्टी खाली आहे, घुमट आवाज म्हणजे जाळी तुंबली आहे आणि मोठ्या आवाजाला खरखर म्हणजे रिसीव्हरच बिघडला असावा. बहुतेक सॅमसंग फोनांत डायलरवर *#0*# दाबलं की चाचणीचा पडदा उघडतो. त्यात Receiver निवडल्यावर वरून टोन येतो, आणि तो कॉलशिवायच ऐकून पाहता येतो.

गुरुजींच्या फोनला स्क्रीनगार्ड थोडा वर सरकवून बसवलेला होता. त्यानं काचेच्या वरच्या कडेची अरुंद फट अर्धी झाकली होती आणि उरलेल्या अर्ध्या भागात तेलकट धूळ साचली होती. गार्ड काढला, फोन पालथा धरून मऊ, कोरड्या ब्रशनं जाळी आडवी झाडली, म्हणजे मळ आत न जाता खाली पडला. टाचणी वापरायचा मोह इथं टाळावा, कारण जाळी फाटली की धुळीला आतपर्यंत वाट मिळते. पाणी किंवा सॅनिटायझरही थेट ओतू नये.

पुढच्या कॉलला मुलीचा आवाज नीट आला. एवढं करूनही घुमटपणा राहिला असता, तर दुकानात रिसीव्हर बदलून घ्यावा लागला असता. एकाच माणसाचा आवाज बारीक येत असेल आणि बाकीच्यांचा खणखणीत, तर मात्र आपला फोन उघडून उपयोग नाही. तेव्हा त्या माणसाला त्याच्या माइकचं भोक तपासायला सांगावं.