मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून नाव आलंय, पण जबाबदारी नको? घरच्यांना असं सांगा

समजा, पुण्यातल्या आत्याच्या तेराव्यानंतर मृत्युपत्राचे पाकीट उघडले आणि त्यात एक्झिक्युटर म्हणून बंगळूरुला नोकरी करणाऱ्या भाच्याचे नाव निघाले. बँकेतल्या ठेवी, फ्लॅट, देणी आणि वाटणी हे सगळे त्याने पाहायचे. त्याला ते शक्य नाही. मग नकार देता येतो का?

येतो. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 230 नुसार न्यायाधीशांसमोर तोंडी किंवा सहीनिशी लेखी नकार देता येतो. मात्र एकदा असा नकार दिला की पुढे कधीही प्रोबेटसाठी अर्ज करता येत नाही. त्यामुळे 'सध्या नाही, नंतर बघू' असे मोघम लिहू नये.

आधी नकार, मग बाकीचे

खरी चूक इथेच होते. भाचा 'तेवढी मदत करतो' म्हणून ठेव मोडतो, भाडेकरूकडून भाडे घेतो, दागिने वाटतो. त्यातून त्याने जबाबदारी स्वीकारली, असा अर्थ निघतो आणि नंतर अंग काढून घेणे अवघड होते. अंत्यविधी करणे किंवा घराला कुलूप लावून वस्तू सांभाळणे ही कामे वेगळी. ती माणुसकीची मानली जातात.

आणखी एक मुद्दा पैशांचा. आत्याने भाच्याला 1 लाख रुपये ठेवले असतील, तर कलम 141 नुसार एक्झिक्युटरचे काम न स्वीकारल्यास ते सामान्यतः मिळत नाहीत. नकारापूर्वी हे वकिलांकडून तपासून घ्यावे.

घरच्यांना काय लिहाल?

'दादा, ताई, आत्याने माझ्यावर विश्वास टाकला, याची मला जाणीव आहे. पण नोकरीमुळे पुण्यात वारंवार येणे जमणार नाही आणि काम अर्धवट राहिले तर त्रास तुम्हाला होईल. म्हणून मी एक्झिक्युटर होणार नाही. आत्याच्या कोणत्याही खात्याला किंवा मालमत्तेला मी हात लावलेला नाही. मूळ मृत्युपत्र मी दादाकडे देत आहे. कोर्टासाठी लागणारा सहीचा नकार वकिलांमार्फत लगेच पाठवतो. माझा कुणावर राग नाही आणि वाटणीबद्दल माझे काही म्हणणे नाही.'

शेवटचे वाक्य आवर्जून लिहावे. नाहीतर 'याला मृत्युपत्र मान्य नाही' अशी कुजबुज सुरू होते. फक्त व्हॉट्सअॅपवर निरोप देऊन थांबू नये, सही केलेला कागद हवाच.

पुढे काय होते?

नकारामुळे मृत्युपत्र रद्द होत नाही. दुसरा एक्झिक्युटर नेमलेला असेल, तर तो काम पाहतो. नसेल, तर आत्याची मुले कोर्टात मृत्युपत्र जोडून 'लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन'साठी अर्ज करू शकतात. भाचा गप्प राहिला, तर मात्र कोर्टाला आधी त्याला नोटीस काढून 'स्वीकारता की नाकारता' असे विचारावे लागते आणि तोवर मुलांचे काम अडून राहते.