यात मिरची कुठे आहे?

फेब्रुवारी संपत आला की आमच्या पेठेतल्या मसाल्याच्या दुकानातला फोन दिवसभर वाजत असतो. प्रश्न एकच, "बेडगी आली का?" दुकानदारांना सगळं गाव अण्णा म्हणतं. ते एका हाताने मिरची तोलत, दुसऱ्या हाताने फोन कानाशी धरून "परवा विचारा" म्हणतात, आणि परवाही तेच होतं. यंदा त्यांच्या पुतण्याने फेसबुकवर दुकानाचं पेज काढलं आणि जुन्या गिऱ्हाइकांना कळवायला एक मजकूर लिहिला:

"प्रिय ग्राहकहो, आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की आपले लाडके दुकान आता डिजिटल विश्वात पदार्पण करीत आहे. आकर्षक ऑफर्स, नवनवीन अपडेट्स आणि बरंच काही! आजच लाइक, शेअर आणि फॉलो करा."

अण्णांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "यात मिरची कुठे आहे?"

त्या प्रश्नात सगळं आलं. हा मजकूर चपलांच्या दुकानालाही चालला असता. वर्षाचा मसाला वीस वर्षं इथूनच नेणाऱ्या बाईंना दुकानाच्या पदार्पणाशी काय करायचंय? त्यांना पेजवर काय दिसेल, कोणत्या वारी दिसेल आणि त्यामुळे त्यांचा कोणता हेलपाटा वाचेल, एवढं कळलं की पुरे.

मग आम्ही तिघे गल्ल्यामागे बसलो आणि लोक फोनवर काय काय विचारतात ते कागदावर उतरवलं. माल आला का, भाव काय, कांडप कधी चालू होणार आणि दुकान कधी बंद, एवढेच चार प्रश्न निघाले. पेजवर काय टाकायचं ते आपोआप ठरलं. पुतण्याला रोज काहीतरी टाकायची हौस होती. अण्णा म्हणाले, "सीझनला मला जेवायला वेळ नसतो, रोज फोटो कोण काढणार?" शेवटी मंगळवार आणि शुक्रवार ठरले, कारण आमच्याकडे त्याच दोन दिवशी सकाळी मालाची गाडी येते. मजकुरात जे लिहाल ते वचन असतं. 'रोज' लिहून चार दिवसांत पेज ओस पडलं, तर पाचव्या दिवसापासून लोक पुन्हा फोनच करणार.

भाव लिहायचा तर नीट लिहायला हवा. बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला, संकेश्वरी चवीला आणि झणक्याला, हे घरोघरी ठाऊक असतं. पण मिरची देठासकट की देठ काढलेली, यावर भाव बदलतो. देठाचंही वजन भरतं आणि ते पुढे टाकूनच द्यायचं असतं. शिवाय यंदाचा माल की शीतगृहातला गेल्या वर्षीचा, हाही फरक असतो. नुसतं 'बेडगी अमुक रुपये' लिहिलं की दुकानात वाद ठरलेला. म्हणून प्रत्येक भावाशेजारी जात, देठ, माल कोणत्या वर्षीचा आणि तारीख लिहायची, असं ठरलं.

यानंतर अण्णांनी एक गोष्ट सुचवली, जी पुतण्याच्या मनातही आली नव्हती: पेजवर काय होणार नाही, तेही लिहायचं. कोणाची किती उधारी आहे हा विषय तिथे निघणार नाही. ऑर्डर पोस्टखाली लिहिली तर धरली जाणार नाही, ती दुकानाच्या नंबरवरच द्यायची. आणि पेजवरून आगाऊ पैसे कधीच मागितले जाणार नाहीत. यातलं शेवटचं फार महत्त्वाचं. दुकानाचं नाव आणि पाटीचा फोटो उचलून तसंच दुसरं पेज कोणीही काढू शकतं आणि 'स्वस्त मिरची, आजच बुकिंग' म्हणत पैसे उकळू शकतं. आपण पहिल्याच निरोपात नियम सांगून ठेवला असेल, तर अशी पोस्ट दिसताक्षणी गिऱ्हाईक सावध होतं. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हे निदान एकदा तरी सांगावं. फसवणूक झालीच तर 1930 हा सरकारी मदतीचा नंबर आहे.

आता निरोप पोचवायचा कसा? पुतण्या व्हॉट्सॲप ग्रुप काढायला निघाला होता. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. मिरचीसाठी दिलेला नंबर गावभर करायचा अधिकार दुकानदाराला नसतो. त्यापेक्षा ब्रॉडकास्ट लिस्ट बरी. त्यातला निरोप प्रत्येकाला एकेकट्याला आल्यासारखा येतो. एका लिस्टमध्ये 256 नंबर बसतात. अण्णांच्या वहीत चारशेच्या आसपास निघाले, म्हणून दोन लिस्ट झाल्या.

मेख अशी की ज्याने दुकानाचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही. पाठवलेल्या निरोपाची माहिती उघडली की तो कोणाकोणाला पोचला ते दिसतं. आमच्या यादीतले बरेच जण त्यात नव्हते. त्यांच्यासाठी गल्ल्याजवळ पाटी लावली आणि पेजचा क्यूआर कोड चिकटवला. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी पूर्वीसारखा फोन चालूच ठेवला.

फेसबुकचीही एक मर्यादा आहे. पेज फॉलो केलं म्हणजे प्रत्येक पोस्ट समोर येतेच असं नाही, कोणाला काय दाखवायचं ते फेसबुक ठरवतं. त्यामुळे दुकान अचानक बंद ठेवायचं झालं तर ते व्हॉट्सॲपवरही कळवायचं. आणि पेजचा पूर्ण ताबा एकट्या पुतण्याकडे न ठेवता अण्णांच्या मुलीच्या खात्यालाही दिला. पुतण्या उद्या नोकरीला पुण्याला गेला किंवा त्याचं खातं बंद पडलं, तर दुकानाचं पेज दुकानातच राहायला हवं.

शेवटी निरोप असा झाला:

"नमस्कार. 'मिरची आली का' म्हणून तुम्हाला वारंवार फोन करावा लागतो, म्हणून फेसबुकवर दुकानाचं पेज सुरू केलंय. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारपर्यंत आलेला माल, भाव आणि कांडपाचे दिवस तिथे कळतील. ऑर्डर मात्र याच नंबरवर द्या. पेजवरून आम्ही कधीही पैसे मागणार नाही, कोणी मागितले तर आधी आम्हाला फोन करा. हे निरोप नको असतील तर 'नको' एवढं लिहा, नाव काढून टाकू. फेसबुक वापरत नसाल तर फोन नेहमीसारखा चालूच आहे. – अण्णा"

तिघांनी 'नको' लिहिलं, त्यांची नावं त्याच संध्याकाळी काढली. दुसऱ्या आठवड्यात एक बाई फोन पुढे करत आल्या. "हा तुमचाच भाव ना? मग जास्त का?" पोस्ट मंगळवारची होती, बाई गुरुवारी आल्या होत्या आणि मधे भाव चढला होता. तारीख लिहिलेली होती, पण भाव किती दिवसांचा ते कुठेच लिहिलं नव्हतं. अण्णांनी त्यांना मंगळवारच्या भावाने मिरची तोलून दिली. बाई पायरी उतरल्यावर पुतण्याला म्हणाले, "लिहून घे. भाव पुढची गाडी येईपर्यंत."

"आणि मधे चढला तर?"

"तर आपला तोटा. लिहिलंय ना आपण?"