चार अंडी फ्रिजमध्येच

पहिला केक करायचा म्हणून मी सगळ्यात सोपं प्रमाण निवडलं होतं. मैदा, बटर, पिठीसाखर आणि अंडी, चारही सारख्या वजनाचं. दोनशे ग्रॅम मैदा, तेवढंच बटर, तेवढीच साखर आणि चार अंडी, कारण सोललेलं अंडं साधारण पन्नास ग्रॅम भरतं. वर चमचाभर बेकिंग पावडर. बटर आणि साखर फेसण्यात मी इतकी रमले की अंडी घालायचीच राहिली.

खरं तर मिश्रणानं तेव्हाच सांगितलं होतं. केकचं पीठ चमच्यावरून ओघळून पडायला हवं. माझं चमच्याला गोळा होऊन चिकटलं. मला वाटलं, असंच असतं.

एकशे ऐंशी अंशांवर चाळीस मिनिटांनी भांडं बाहेर काढलं, तर कडा तपकिरी, मध्यभाग बसका आणि खालच्या कागदावर बटर सुटलेलं. सुरी लावताच वाळूसारखा भुगा झाला.

समोरच्या काकूंनी चिमूटभर भुगा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर नानकटाई!" हसायला आलं, पण त्यांचं निदान अचूक होतं. मैदा, साखर आणि तूप, अंडं नाही, म्हणजे नानकटाईच. फक्त माझ्यात साखर आणि बटर फारच जास्त.

काकूंनी पुढचंही समजावलं. अंड्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. म्हणजे चार अंड्यांबरोबर माझं दीडशे ग्रॅम पाणी गेलं. पाण्याशिवाय मैद्यातला स्टार्च फुलत नाही, बेकिंग पावडरही नीट काम करत नाही. बटर आणि पाणी एकत्र धरून ठेवतो तो बलक. आणि ओव्हनमध्ये अंड्यातली प्रथिनं घट्ट होतात, म्हणून फुगलेला केक बसत नाही.

"मग बिनअंड्याचा केक कसा होतो?" मी विचारलं.

"त्यात दही असतं, दूध असतं, कंडेन्स्ड मिल्क असतं. अंडं काढलं की त्याच्या जागी काहीतरी घालतात, रिकामी ठेवत नाहीत."

खालच्या मजल्यावरचे आजोबा अंडं खात नाहीत. वास आल्यावर ते दरवर्षीच्या वाढदिवसांसारखे दारातूनच परतणार होते. अंडं नाही म्हटल्यावर आत येऊन बसले आणि चमच्यानं भुगा खाल्ला. "थोडा तुपकट आहे," एवढंच बोलले, पण दुसऱ्यांदा वाटी पुढे केली.

भाजलेल्या केकमध्ये नंतर अंडं घालता येत नाही. उरलेला भुगा काकूंनी ताटात पातळ दाबला आणि कमी आचेवर पंधरा मिनिटं पुन्हा भाजला. कडक झाल्यावर त्याच्या वड्या पाडल्या. चहाबरोबर चांगल्या लागल्या.

फ्रिजच्या दारातल्या त्या चार अंड्यांची रात्री मी अंडाकरी केली.