लिव्हरची दुसरी तपासणी तीन महिन्यांनीच का?

रोज रात्री तीन-चार पेग घेणाऱ्या ४४ वर्षांच्या एका गृहस्थांचे उदाहरण घेऊ. कंपनीच्या आरोग्य तपासणीत त्यांचे एसजीओटी १२४, एसजीपीटी ५२ आणि जीजीटी ३१० आले. फायब्रोस्कॅनमध्ये लिव्हरचा कडकपणा १३ किलोपास्कल भरला. कावीळ नव्हती, सोनोग्राफीत फक्त चरबी दिसली. ‘तीन महिने दारू पूर्ण बंद, मग पुन्हा तपासणी,’ एवढेच ऐकून ते अस्वस्थ झाले. रिपोर्ट इतका वाईट असताना डॉक्टर औषध न देता थांबायला का सांगतात, असे त्यांना वाटले. अशा रुग्णाच्या हाती द्यावी अशी ही चिठ्ठी:

“नमस्कार. तुमच्या रिपोर्टमध्ये दोन गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत. एक म्हणजे दारूमुळे सध्या आलेली सूज, जी उतरू शकते. दुसरी म्हणजे वर्षानुवर्षांत तयार झालेले व्रण, जे सहजी जात नाहीत. तुम्ही पीत असताना या दोन्ही वेगळ्या ओळखता येत नाहीत. त्यासाठी तीन महिने हवेत.

एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरच्या पेशींमधली एन्झाइम्स. पेशींना इजा झाली की ती रक्तात येतात. तुमचे एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त आहे आणि हे प्रमाण दारूकडे बोट दाखवते. पिणे थांबले की हे आकडे काही आठवड्यांतच उतरू लागतात. जीजीटी मात्र सावकाश उतरते. साधारण दोन-तीन आठवड्यांत ते निम्मे होते. म्हणजे ३१० वरून ते नॉर्मलजवळ यायला दोन महिने सहज लागतात. तुमच्या तांबड्या पेशींचा आकारही वाढलेला आहे. त्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे जुन्या जाऊन नव्या येईपर्यंत तो आकडा हटत नाही.

आता १३ या आकड्याविषयी. फायब्रोस्कॅन लिव्हरमधून जाणाऱ्या कंपनाचा वेग मोजतो. व्रणांमुळे लिव्हर कडक होते, पण सुजेमुळेही होते. एसजीओटी शंभराच्या वर असताना हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. म्हणून आज तुम्हाला ‘सिरोसिस झाला’ असे सांगणे घाईचे ठरेल, आणि ‘काही नाही’ असे सांगणे धोक्याचे.

या काळात ‘लिव्हर टॉनिक’ किंवा काढे घेऊ नका. गुळवेलीच्या सेवनानंतर लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनीच नोंदवले आहेत. मधूनच काही घेतले, तर आकडे कशामुळे बदलले हे कळणार नाही.

दारू एकदम बंद करताना हात थरथरणे, घाम, झोप न लागणे असा त्रास झाला तर लगेच कळवा. झटके आले किंवा भास होऊ लागले, तर थेट इस्पितळात या. हा त्रास पहिल्या तीन-चार दिवसांत जिवावर बेतू शकतो आणि त्यावर औषध आहे. डोळे पिवळे झाले, पोट फुगले, रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाली, किंवा बोलण्यात असंबद्धपणा आला, तर तीन महिने थांबू नका.

मध्ये एखाद्या दिवशी प्यालात, तर ते मला सांगा. मी रागावणार नाही. पण लपवलेत, तर रिपोर्टचा अर्थ मी चुकीचा लावीन.”

समजा, तीन महिन्यांनी एसजीओटी ३२, जीजीटी ४८ आणि फायब्रोस्कॅन ७ आला. मग पहिल्या १३ मधला मोठा वाटा सुजेचा होता, हे उघड होते. एन्झाइम्स नॉर्मल येऊनही फायब्रोस्कॅन १३ वरच राहिला, तर व्रण खरे आहेत. सिरोसिसमध्येही एन्झाइम्स नॉर्मल असू शकतात, म्हणून फक्त त्यांवर विसंबून राहता येत नाही. सिरोसिस नक्की झाला, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून लिव्हरच्या कॅन्सरवर लक्ष ठेवावे लागते. आणि दारू बंद असूनही एन्झाइम्स वाढलेलीच राहिली, तर हिपॅटायटिस बी व सी, मधुमेह आणि वजन, चालू औषधे यांच्याकडे पाहावे लागते.

चांगला रिपोर्ट म्हणजे पुन्हा पिण्याचा परवाना नव्हे. ज्या लिव्हरने दारू थांबताच स्वतःला सावरले, ते दारू सुरू होताच पुन्हा सुजेल. तुमच्या घरात कुणाला अशी तारीख मिळाली असेल, तर ती चुकवू देऊ नका आणि पहिला रिपोर्ट सोबत न्यायला विसरू नका. दुसऱ्याचा अर्थ पहिल्याशी ताडूनच लागतो.