डोकं दुखलं नाही, तो दिवसही लिहा

न्यूरॉलॉजिस्टचे पहिले प्रश्न बहुधा ठरलेले असतात. महिन्यातले किती दिवस डोकं दुखतं? किती तास? गोळ्या किती लागतात? ‘नेहमीच दुखतं हो’ या उत्तरातून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. मायग्रेन, म्हणजे आपली अर्धशिशी, रक्ताच्या तपासणीत सापडत नाही आणि एमआरआयही बहुतेकदा नॉर्मल येतो. निदान होतं ते रुग्णाने सांगितलेल्या हकिकतीवरून. म्हणून भेटीआधी दोन-तीन महिने ठेवलेली डोकेदुखीची वही फार कामाची असते.

डोकं दुखलं त्या दिवशी सुरुवातीची आणि थांबल्याची वेळ लिहा. औषध न घेतल्यास मायग्रेनचा झटका साधारण 4 ते 72 तास चालतो, त्यामुळे तास महत्त्वाचे असतात. एक बाजू दुखते की दोन्ही, ठणकतं की पट्टा आवळल्यासारखं वाटतं, जिना चढल्यावर वाढतं का, मळमळ होते का, उजेड आणि आवाज नकोसा होतो का, हेही नोंदवा. दुखणं किती होतं ते सांगायला तीन खुणा पुरतात: काम चालू होतं, काम रेंगाळलं, आडवं व्हावं लागलं. आधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा आल्या असतील, तर त्या किती मिनिटं टिकल्या तेही लिहा.

कारण शोधताना मात्र बहुतेकांची वही फसते, कारण ती फक्त दुखण्याच्या दिवशी उघडली जाते. ‘काल दही खाल्लं होतं’ अशी नोंद होते. दही खाऊनही काही झालं नाही, ते दिवस कुठेच नसतात. म्हणून संशयित चार-पाचच निवडा, उदाहरणार्थ झोप, जेवणाची वेळ, ऊन, पाळी आणि एखादा पदार्थ, आणि रोज रात्री त्यांच्यापुढे हो किंवा नाही लिहा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका शिक्षिकेने 84 दिवस अशी वही ठेवली. त्यात 12 झटके आले. तिचा संशय दह्यावर होता. दही खाल्लेले दिवस निघाले 42, आणि त्यानंतरच्या चोवीस तासांत झटके आले 6. दही न खाल्लेले दिवसही 42, आणि झटके तेवढेच, 6. दही निर्दोष दिसलं. मग तिने उपवासाचे आणि दुपारचं जेवण दोननंतर गेलेले दिवस मोजले. ते होते 14, आणि त्यांतल्या 7 दिवसांमागे झटका आला. उरलेल्या 70 दिवसांत झटके फक्त 5. एवढ्याने सिद्ध काही होत नाही, पण आधी काय बदलून पाहायचं ते कळतं: दही सोडण्याऐवजी जेवणाची वेळ सांभाळायची.

आणखी एक चकवा आहे. झटक्याआधी काही तास, कधी एक-दोन दिवसही, जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, गोड खावंसं वाटतं. ही झटका सुरू झाल्याचीच लक्षणं असतात. मग त्या वेळी खाल्लेल्या चॉकलेटवर उगीच आळ येतो. ही लक्षणं वेगळ्या रकान्यात लिहा. पाळीच्या तारखाही हव्यात, कारण पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत झटके वारंवार येत असतील, तर डॉक्टर उपचार त्यानुसार ठरवू शकतात.

सर्वांत महत्त्वाचा रकाना गोळ्यांचा. आमच्या उदाहरणातल्या बाईंनी वेदनाशामक घेतलेले दिवस तीन महिन्यांत 6, 8 आणि 11 असे वाढत गेले. पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, आणि मिश्र वेदनाशामकं किंवा ट्रिप्टान 10 किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर औषधामुळेच डोकेदुखी वाढू शकते. दुकानातून स्वतः आणलेली गोळीही नावासकट लिहा. ‘पित्तामुळे डोकं दुखतं’ म्हणून घेतलेली गोळीसुद्धा.

काही दुखण्यांत वहीची वाट पाहायची नसते. क्षणात शिगेला पोचलेली भयंकर डोकेदुखी, सोबत ताप आणि मान आखडणं, हातापायातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं, शुद्ध हरपणं, यांपैकी काहीही झालं तर तडक रुग्णालय गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखीही लवकर दाखवा.

भेटीला जाताना वहीचा सारांश एका पानावर काढा: दर महिन्याचे दुखण्याचे दिवस, आडवं व्हावं लागलेले दिवस, गोळ्यांचे दिवस आणि संशयित कारणांची मोजणी. भेट महिन्याभरावर असेल, तर आज रात्रीपासूनच लिहायला लागा, मग आज डोकं दुखलेलं असो वा नसो.