अ‍ॅपच्या पत्रात काय नाही, तेही लिहून घ्या

तालुक्याच्या गावातलं एक किराणा दुकान धरू. साडेचारशे वस्तू, व्हॉट्सअ‍ॅपवर यादी टाकणारी गिऱ्हाइकं आणि घरपोच माल द्यायला एक मुलगा. दुकानदार अ‍ॅप बनवणाऱ्याला सांगतो, “साधंच हवं. गिऱ्हाइकानं ऑर्डर टाकावी, आम्ही माल पोचवावा.” रक्कम ठरते, काम सुरू होतं. अ‍ॅप हातात आल्यावर दुकानदार विचारतो, “पैसे भरायचं बटण कुठाय?” बनवणारा म्हणतो, ते आपल्या बोलण्यात नव्हतंच. दोघंही खरं बोलत असतात, आणि हे टाळायला काम सुरू होण्याआधी एक-दीड पानाचं पत्र पुरतं.

पत्रात आधी काय मिळणार ते यावं. आपल्या दुकानासाठी: वस्तूंची यादी, टोपली, पत्ता आणि वेळ निवडून ऑर्डर, दुकानदाराला आलेल्या ऑर्डरी दिसणं, त्या स्वीकारणं आणि वस्तू संपली असेल तर खोडणं. फक्त अँड्रॉइड फोनवर. अंदाज लिहिताना एकच मोठा आकडा टाकू नये, दिवस दाखवावेत. समजा यादी आणि शोध 6 दिवस, ऑर्डर 7, दुकानदाराचा भाग 6, तपासणी आणि दुरुस्त्या 5, एकूण 24. दिवसाला 3,000 रुपये दर धरला तर 72,000 होतात. बनवणाऱ्याची जीएसटी नोंदणी असेल तर 18 टक्क्यांनी 12,960 वाढून 84,960. असं फोडून लिहिलं की खर्च कमी करायचा तर कोणता भाग सोडायचा, हे दुकानदाराला कळतं.

यानंतर काय मिळणार नाही, ते लिहायचं. “ऑनलाइन पेमेंट समाविष्ट नाही” एवढ्या ओळीनं भागत नाही. त्याऐवजी काय होणार, ते कोण करणार आणि पुढे हवं झालं तर काय, हे तिन्ही यायला हवं. उदाहरणार्थ:

“अ‍ॅपमधून आगाऊ पैसे घेतले जाणार नाहीत. माल पोचल्यावर रोख किंवा दुकानाच्या क्यूआर कोडवर पैसे घ्यावेत आणि पैसे मिळाल्याची नोंद डिलिव्हरीच्या मुलानं अ‍ॅपमध्ये करावी. पेमेंट गेटवे नंतर हवा असल्यास वेगळा अंदाज दिला जाईल. त्याचं व्यवहारामागचं शुल्क दुकानाकडे राहील.”

हे वगळण्यामागे किराणा धंद्यातलंच कारण आहे. गिऱ्हाईक 1 किलो गूळ मागतं, ढेपेचा तुकडा 1 किलो 80 ग्रॅम भरतो. मागितलेला साबण संपलेला असतो. खरं बिल माल बांधतानाच ठरतं. पैसे आधीच घेतले असतील तर फरक परत करायची सोय लागते, आणि ते काम बटणापेक्षा कितीतरी मोठं असतं. छापील क्यूआरवर आलेले पैसे अ‍ॅपला आपोआप कळत नाहीत, म्हणून मुलानं नोंद करायची हेही पत्रात हवं.

दुसरी वगळणी मालाच्या साठ्याची. दुकानात बिलिंगचं सॉफ्टवेअर आधीच असतं आणि अ‍ॅप त्याच्याशी जोडलेलं असणार, असं दुकानदार गृहीत धरतो. जोडणी नसेल तर काउंटरवर शेवटचं पाकीट विकलं गेलं तरी अ‍ॅपमध्ये ते शिल्लकच दिसेल. पत्रात स्पष्ट लिहावं: “बिलिंगशी जोडणी नाही. भाव आणि ‘संपलं’ची खूण दुकानातून हातानं बदलावी लागेल.”

तिसरी गोष्ट हमखास राहून जाते: साडेचारशे वस्तूंची नावं, वजनं, भाव आणि फोटो कोण भरणार? हे काम दुकानाकडे असेल तर यादी कोणत्या तारखेपर्यंत द्यायची ते ठरवावं आणि यादी लांबली तर कामाची तारीखही लांबेल, असं लिहावं.

शेवटची वगळणी अ‍ॅप सुरू झाल्यानंतरच्या खर्चाची. प्ले स्टोअरवर खातं काढायला 25 डॉलर एकदाच लागतात. आयफोनसाठी अ‍ॅपलचे 99 डॉलर दरवर्षी. सर्व्हरचं भाडं आणि ओटीपीच्या एसएमएसचा खर्च चालूच राहतो. ही खाती दुकानाच्या नावावर असावीत, म्हणजे पुढे माणूस बदलला तरी अ‍ॅप दुकानाकडेच राहतं. दुरुस्तीचीही हद्द आखावी: ठरलेलं काम चुकत असेल तर 60 दिवस फुकट दुरुस्ती, नवी सोय हवी असेल तर आधी लेखी अंदाज, मग काम.

सही करण्याआधी दुकानदारानं एका खऱ्या ऑर्डरचा प्रवास पत्रावर बोट ठेवून वाचावा: यादी आली, एक वस्तू संपली, गुळाचं वजन वाढलं, पैसे क्यूआरवर मिळाले. प्रत्येक पायरीला हे अ‍ॅप करणार की दुकानातला माणूस, याचं उत्तर पत्रात सापडायला हवं. जिथे सापडत नाही, तिथे एक ओळ वाढवून घ्यावी आणि मगच आगाऊ रक्कम द्यावी.